निवड झाली नाही, तर ओळख करून देणाऱ्याला काय लिहायचं

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, जालन्याच्या एका स्टील प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. वडिलांचे मित्र असलेल्या काकांनी त्यांच्या भाच्याशी ओळख करून दिली. ते सर वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत प्रॉडक्शनला सीनियर आहेत. त्यांनी माझा रेझ्युमे एचआरला दिला आणि फोनवर ‘कंट्रोल प्लॅन नीट वाचून जा’ असंही सांगितलं. दोन राउंड झाले, दुसऱ्यात गेज आर अँड आरवर अडलो. काल मेल आला, निवड झाली नाही. वडील म्हणतात, काकांना मी फोन लावतो. सरांसाठी हा मेसेज लिहून ठेवलाय, पाठवू का?

‘नमस्कार सर. आपण माझ्यासाठी वेळ काढलात त्याबद्दल मनापासून आभार. पण माझं सिलेक्शन झालं नाही. इंटरव्ह्यू चांगला झाला होता, काय झालं कळत नाही. मी तुमच्या अपेक्षेला उतरलो नाही, माफ करा. एचआरला जरा विचारून बघता का? दुसरीकडे कुठे जागा असेल तर नक्की कळवा.’

उत्तर: मेसेज आजच पाठवा, पण हा नको. यातली आभाराची ओळ आणि निकाल एवढं ठेवा. बाकीच्या प्रत्येक वाक्याने सरांना काहीतरी काम लागतंय: तुमची समजूत काढायची, एचआरकडे जायचं, दुसरी जागा शोधायची. आभाराच्या मेसेजने समोरच्याचं काम संपलं पाहिजे. इथे ते वाढतंय.

मी वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करतो, त्यामुळे रेझ्युमे आत गेल्यावर त्याचं काय होतं ते रोज बघतो. मोठ्या कंपनीत कर्मचारी रेफरलचा फॉर्म भरतो, त्यावर स्वतःचा एम्प्लॉयी नंबर टाकतो. लहान कंपनीत फॉर्म वगैरे नसतो. सर एचआरला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात आणि कॅन्टीनमध्ये भेटल्यावर म्हणतात, ‘पोरगा बरा आहे, एकदा बघून घ्या.’ दोन्हीकडे उमेदवाराच्या नावापुढे सरांचं नाव लागतं. पण निकाल लागला की मेल जातो तो फक्त उमेदवाराला. शब्द टाकणाऱ्याला कळवायचं काम बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसतं. त्यामुळे आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हा, सरांना तुमचा निकाल माहीत नसण्याचीच शक्यता जास्त आहे. त्यांनी स्वतःहून विचारलं तर कळेल, पण ‘माझ्या माणसाचं काय झालं’ हे सारखं विचारणं त्यांनाही अवघड जातं.

दुसरी गोष्ट, या सगळ्यात सरांच्या हाती काही लागलेलं नाही. रेफरलचे पैसे देणाऱ्या कंपन्याही ते बहुतेक वेळा उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकल्यावर देतात. निवड झाली नाही म्हणजे तेही नाही. त्यांनी फक्त आपला शब्द खर्च केला. त्या शब्दाची किंमत पुढे टिकते की नाही, हे काही अंशी तुमच्या पुढच्या वागण्यावर ठरतं. नापास झालेल्या उमेदवारामुळे सरांचं नाव खराब होत नाही. एका जागेसाठी अनेकजण येतात आणि एकच लागतो, हे एचआरला माहीत असतं. नाव खराब होतं ते उमेदवार नंतर एचआरला फोनवर फोन करतो तेव्हा, किंवा सरांना पुढे करून ‘परत बघा’ म्हणायला लावतो तेव्हा. पुढच्या वेळी सर एखादा रेझ्युमे घेऊन आले की तो आधी बाजूला ठेवला जातो. हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

आता तुमच्या मेसेजकडे येऊ.

‘इंटरव्ह्यू चांगला झाला होता, काय झालं कळत नाही.’ हे वाक्य तक्रार नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण वाचणाऱ्याला ती तक्रारच वाटते. त्याचा अर्थ होतो की मी बरोबर होतो, तुमच्या कंपनीत काहीतरी गडबड आहे. शिवाय ते पूर्ण खरंही नाही, कारण कुठे अडलो ते तुम्हीच वर लिहिलंय. ते सरळ सांगा. सर प्रॉडक्शनचे आहेत, गेज आर अँड आर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. स्टील प्लांटमधला क्वालिटीवाला स्पेक्ट्रोमीटर आणि यूटीएमवर तयार झालेला असतो, ऑटो पार्टमध्ये दिवसभर गेज आणि मायक्रोमीटर हातात असतात. त्यामुळे मापन पद्धतीच्या अभ्यासावर तुमच्यासारखा उमेदवार अडणं अगदी स्वाभाविक आहे. सरांना ते एका ओळीत समजेल. आणि तुम्हालाही ते कळलंय, हे त्यांना दिसेल.

‘अपेक्षेला उतरलो नाही, माफ करा.’ हे काढून टाका. माफी आली की समोरच्याला ‘अरे, असं काही नाही, वाईट वाटून घेऊ नको’ असं लिहावंच लागतं. तुम्ही त्यांचं काही बिघडवलेलं नाही. लाज वाटणं मी समजू शकतो, विशेषतः ओळख घरच्या नात्यातून आलेली असते तेव्हा. पण ती लाज सरांनी दूर करावी, अशी त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

‘एचआरला जरा विचारून बघता का?’ सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. निवड न होण्याचं कारण सांगायला एचआर सहसा तयार नसतो, कारण त्यात दुसऱ्या उमेदवाराची माहिती येते, बजेट येतं, कधी आतलाच माणूस वर घेतलेला असतो. सर विचारायला गेले की एचआरला वाटतं, हे दबाव आणायला आलेत. आणि तुम्हाला खरं कारण हवंच असेल, तर ते कारण विचारून मिळणार नाही, सर आपणहून बोलले तरच मिळेल. तसं ते बोलावेत यासाठी त्यांना मोकळं सोडावं लागतं. कसं, ते पुढे येतं.

‘दुसरीकडे कुठे जागा असेल तर कळवा.’ आभाराच्या मेसेजला मागणी जोडली की आभार म्हणजे मागणीची प्रस्तावना ठरते. पुढची मदत मागण्यात काही चूक नाही, पण ती या मेसेजमध्ये नको. तिला वेगळा दिवस द्या.

मग आत राहतं काय? निकाल, त्यांनी नेमकं काय केलं, त्याचा तुम्हाला कुठे उपयोग झाला, आणि आता त्यांनी काही करायचं राहिलेलं नाही हा निरोप. सुरुवात निकालाने करा. वर लांबलचक आभार आणि खाली ‘पण’ असं लिहिलं की माणूस घाईघाईने खाली बघतो. वरची ओळ कोणी वाचत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असा लिहिला असता:

‘नमस्कार सर. काल एचआरचा मेल आला, क्वालिटीच्या जागेसाठी माझी निवड झालेली नाही. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितोय. तुम्ही माझा रेझ्युमे दिलात आणि तयारीसाठी फोनवर वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. कंट्रोल प्लॅन वाचून जायला सांगितलं होतंत, पहिल्या राउंडला त्याचा फार उपयोग झाला. दुसऱ्या राउंडला गेज आर अँड आरवर मी कमी पडलो, आता त्याचा अभ्यास सुरू करतोय. निर्णय झालेला आहे, त्यामुळे तुम्ही एचआरशी बोलायची तसदी घेऊ नका. काकांनाही आज मीच फोन करून सांगतो.’

पहिल्या राउंडला कंट्रोल प्लॅनवर खरंच प्रश्न आले होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आले नसतील तर ती ओळ बदला. उपयोग झाला नाही तिथे झाला असं लिहू नका, कारण इंटरव्ह्यू घेणारा माणूस सरांना शॉप फ्लोअरवर रोज भेटतो. दोघांचं बोलणं झालं की खोटी ओळ लगेच उघडी पडते. मुलाखत घेणाऱ्यांची नावं, ते कसे बोलले, त्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे काहीच लिहू नका. असे मेसेज पुढे जातात. सर चांगल्या मनाने तो एचआरला दाखवतील, ‘बघा, मुलगा किती समजूतदार आहे’ म्हणून. तेव्हा एचआर मॅनेजरने वाचला तरी चालेल असाच तो असला पाहिजे.

मेसेजच लिहा, फोन नको. फोन आला की सरांना त्याच क्षणी तुमची समजूत काढावी लागते, आणि प्रॉडक्शन लाइन चालू असताना ते कोणालाच जमत नाही. मेसेज ते त्यांच्या सवडीने वाचतात. त्यांची शिफ्ट माहीत असेल तर ती सुटल्यानंतर तासाभराने पाठवा. शिफ्ट माहीत नसेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास. मेल काल आलाय, म्हणजे आजची संध्याकाळ ही बरोबर वेळ आहे. चार-पाच दिवस गेले आणि मध्ये सरांना दुसरीकडून कळलं, तर त्याच मेसेजचं वजन निम्मं होतं. व्हॉइस नोट पाठवू नका, ती चार माणसांत ऐकता येत नाही.

आता काका. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग हाच आहे.

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या. त्यात काम करायला बीड, जालना, परभणीकडची माणसं आली आणि बजाजनगर, रांजणगाव भागात राहिली. त्यामुळे इथली ओळख बहुतेक वेळा एका कडीची नसते. गावातला माणूस नातेवाइकाला सांगतो, तो नातेवाईक कंपनीत सांगतो. तुमच्याकडे तेच झालंय. अशा वेळी आभार दोघांचे मानायचे असतात, आणि कोणाला आधी कळतं याला महत्त्व आहे.

वडिलांनी आधी काकांना फोन लावला तर काय होईल बघा. वडील बापाच्या मायेने म्हणतील, ‘झालं नाही हो, बघा अजून काही जमतंय का.’ काकांना वाटेल, आपल्या शब्दाला किंमत राहिली नाही. ते तडक भाच्याला फोन लावतील, ‘काय रे, एवढं एक काम सांगितलं होतं!’ सर मामांचं ऐकून घेतील, कदाचित नाइलाजाने एचआरकडेही जातील. तुमचा नम्र मेसेज त्यानंतर पोचला तर तो त्यांना दिखाऊ वाटेल. तुम्ही काहीही केलेलं नसताना तुमच्यामुळे मामा-भाच्यांत वाजलेलं असेल.

म्हणून आधी सरांना मेसेज, आणि त्यानंतर त्याच संध्याकाळी काकांना फोन. फोन तुम्हीच करा. काकांच्या वयाच्या माणसाला, आणि तेही घरच्या संबंधातल्या, मेसेज कोरडा वाटतो. इथे आवाजच हवा. वडिलांना जवळ बसवा, शेवटी दोन शब्द बोलू द्या, पण निकाल तुमच्या तोंडून जाऊ द्या. बोलणं साधारण असं असावं: ‘काका, वाळूजच्या त्या जागेचा निकाल आला. माझी निवड नाही झाली. पण तुमच्यामुळे सरांशी ओळख झाली, त्यांनी रेझ्युमे दिला, तयारीला मदत केली, त्यांच्याकडून काहीच कमी पडलं नाही. एका प्रश्नाला मीच अडलो. सरांना मी कळवलंय, त्यांना तुम्ही आता यासाठी फोन नका करू.’

‘त्यांच्याकडून काहीच कमी पडलं नाही’ हे वाक्य विसरू नका. काकांना सगळ्यात आधी तेच ऐकायचं असतं, की भाच्याने आपला मान राखला. आणि सरांसाठी तुम्ही करू शकाल असं सगळ्यात मोठं काम तेच आहे, कारण पुढच्या लग्नात किंवा दिवाळीला मामा भेटतील तेव्हा ते याच वाक्याने सुरुवात करतील. वडिलांना हे सगळं आधी समजावून सांगा. त्यांचा हेतू चांगलाच आहे, फक्त फोन त्यांनी लावायचा नाही.

सरांचं उत्तर काय येईल, त्यावर पुढचं ठरतं. नुसतं ‘ओके, ऑल द बेस्ट’ आलं तर ‘धन्यवाद सर’ लिहून थांबा. दोन निळ्या टिका दिसल्या आणि उत्तरच आलं नाही, तरी परत लिहू नका. बऱ्याच जणांना अशा वेळी काय लिहावं ते सुचत नाही, त्याचा अर्थ राग असा काढू नका. ‘मी बोलून बघतो एचआरशी’ असं आलं, तर मोह होईल, पण लिहा: ‘नको सर, त्यांनी दोन राउंड घेऊन निर्णय केलाय. मात्र मी कुठे सुधारायला हवं हे कधी सहज कळलं, तर नक्की सांगा.’ वर कारणाबद्दल म्हणालो तो रस्ता हाच. त्यांना विचारायला पाठवायचं नाही, पण कळलेलं ऐकायची तयारी दाखवायची. आणि ‘गेज आर अँड आरमध्ये काय विचारलं?’ असा प्रश्न आला, तर समजा की सरांना तुमच्यात रस आहे. तेव्हा प्रश्न जसा होता तसा लिहा, तुम्ही काय उत्तर दिलं तेही लिहा, आणि बरोबर उत्तर आता माहीत झालं असेल तर तेही.

एचआरच्या मेललाही दोन ओळींचं उत्तर द्या: कळवल्याबद्दल आभार, पुढे योग्य जागा निघाल्यास विचार व्हावा. त्यात सरांचं नाव घालू नका. काही कंपन्यांत नाकारलेल्या उमेदवाराचा काही महिने पुन्हा विचार होत नाही. तो काळ किती, हे एचआरला त्याच उत्तरात विचारायला हरकत नाही. ते विचारायची जागा एचआर आहे, सर नव्हेत.

वेगळ्या दिवसाची मागणी म्हणालो होतो, ती दोन-तीन महिन्यांनी करा, आणि तोवर तिला काहीतरी आधार मिळवा. तुमच्या प्लांटमध्येच हे करता येईल. टीएमटी सळईची रिब हाइट मोजता ना? दहा नमुने घ्या, तीन जणांना प्रत्येक नमुना तीनदा मोजायला सांगा, आधीचा आकडा कोणाला दिसू देऊ नका, आणि नमुन्यांचा क्रम दर वेळी बदला. गेज आर अँड आरचा हा नेहमीचा अभ्यास आहे. मोजण्यामुळे येणाऱ्या फरकाची टक्केवारी काढा. ती दहाच्या आत असेल तर मापन पद्धत चांगली, दहा ते तीसमध्ये असेल तर कामाचं स्वरूप बघून चालवून घेतात, तीसच्या वर असेल तर गेज किंवा मोजण्याची पद्धत बदलावी लागते. वरिष्ठांची परवानगी घेऊन करा आणि प्लांटचे आकडे बाहेर पाठवू नका. मग सरांना लिहा: ‘सर, इंटरव्ह्यूला अडलो होतो तो गेज आर अँड आरचा अभ्यास आमच्या प्लांटमध्ये स्वतः करून पाहिला. मोजणाऱ्यांमधला फरक जास्त निघाला, तो कसा कमी करायचा ते आता कळलं. ऑटोमध्ये क्वालिटीची जागा निघाल्याचं कानावर आलं, तर मला आठवा.’ फरक कशात निघाला ते अर्थातच तुमच्याकडे जे येईल तसं लिहा. आज मागितलेली मदत आणि ही मदत, यांत सरांना काय वेगळं दिसेल ते उघड आहे. आज तुम्ही त्यांच्याकडे फक्त गरज पाठवताय. तेव्हा पाठवाल ते त्यांना एचआरसमोर बोलता येईल असं काही असेल.

हेच उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. निवड झाली असेल, तर फोनवरच्या ‘सिलेक्ट झालात’वर विसंबून आभार मानू नका, ऑफर लेटर हातात येऊ द्या. त्याआधी जागा होल्डवर जाऊ शकते, किंवा कंपनीच्या पे-रोलऐवजी कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर घेतल्याचं लेटर आल्यावरच कळतं. लेटर आलं की ओळख करून देणाऱ्याला विभाग आणि रुजू होण्याची तारीख कळवा, पगाराचा आकडा नको. त्यांचा स्वतःचा पगार तुमच्यापेक्षा कमी असू शकतो. आणि ऑफर मिळूनही तुम्ही नाकारणार असाल, तर एचआरला कळवण्याआधी सरांना कळवा आणि कारण सांगा. ही एक वेळ अशी आहे की मेसेज पुरत नाही, फोनच करावा लागतो, कारण एचआर पहिला जाब त्यांनाच विचारतो.

तुमच्याकडे मात्र आज एवढंच: संध्याकाळी सरांना मेसेज, मग काकांना फोन. पोळ्याला गावी जाल तेव्हा काकांकडे चहाला जाऊन या, आणि त्या दिवशी नोकरीचा विषय तुम्ही काढू नका.